कॅमेऱ्यातला आवाज गेला, पिक्चर चांगलंय: नव्याने नॅरेशन बोलून ते व्हिडिओवर कसं बसवायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न बहुतेक रेसिपी, शिवण, शेतीकाम, दुरुस्ती असे 'करून दाखवायचे' व्हिडिओ बनवणाऱ्यांकडून येतात. त्यामुळे सगळीकडे एकच उदाहरण धरलंय: थालीपिठाचा ४ मिनिटं १० सेकंदांचा व्हिडिओ, मोबाईलवर शूट केलेला, कॅमेरा बराच वेळ हातांवर आणि तव्यावर, फक्त सुरुवातीला आणि शेवटी चेहरा. मागे एक्झॉस्ट फॅन चालू, मधेच शेजारच्या शेगडीवर कुकरच्या शिट्ट्या. पिक्चर छान आलंय, परत शूट करायचं नाहीये.

१. आहे तोच आवाज साफ करून चालणार नाही का? नव्याने बोलायची कटकट कशाला?

कधीकधी चालतं, म्हणून आधी पाच मिनिटं देऊन बघाच. एक्झॉस्ट किंवा पंख्यासारखा एकसारखा घुंऽऽ आवाज असेल आणि बोलणं त्याच्यापेक्षा स्पष्ट मोठं असेल तर ऑडॅसिटी या फुकट ऑडिओ एडिटरमधलं नॉइज रिडक्शन तो बऱ्यापैकी कमी करतं. पण शिट्टी, मिक्सर, भांडी आपटणं, माईकवर आलेला वारा हे सगळं क्षणाक्षणाला बदलतं आणि बोलण्याच्याच पट्ट्यात येतं, त्यामुळे ते काढायला गेलात की बोलणंही सोबत निघून जातं आणि उरतो तो पाण्याखालून बोलल्यासारखा बुडबुडा आवाज. दुसरी न सुधारणारी गोष्ट म्हणजे फाटलेला आवाज. वेव्हफॉर्म झूम करून बघा, लाटांची डोकी वर-खाली कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसली तर तिथली माहिती रेकॉर्डच झालेली नाही, मग कुठलं फिल्टर काय आणणार. तिसरी म्हणजे लांबून आलेला घुमणारा आवाज, फोन दोन मीटरवर ट्रायपॉडला आणि तुम्ही फरशी-टाइल्सच्या स्वयंपाकघरात.

ओळखायची सोपी रीत सांगतो. साफ केलेला तुकडा स्क्रीन न बघता अशा कुणालातरी ऐकवा ज्याला रेसिपी माहीत नाही आणि विचारा, किती पीठ घ्यायचं सांगितलं? एकदा ऐकून उत्तर आलं नाही तर नव्याने बोला, हात दिसतायत तिथे तरी नक्कीच.

२. माईक विकत घ्यावाच लागतो का? मोबाईलवर नाही का होणार?

होतं, कारण आता तुम्ही कॅमेऱ्याला बांधलेले नाही आहात, ही या पद्धतीतली सगळ्यात मोठी सोय आहे. ज्या फोनने दोन मीटरवरून भिकार आवाज दिला तोच फोन तोंडापासून एका वीतेवर धरला तर चांगला आवाज देतो. तोंडाच्या अगदी समोर नको, जरा बाजूला, गालाच्या रेषेत, म्हणजे 'प' 'फ' 'भ' म्हणताना फुंकर थेट माईकवर बसत नाही.

जागा मात्र बदला. स्वयंपाकघर आणि रिकामा हॉल नको, कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याच्यासमोर बसा किंवा बेडरूममध्ये गादीवर बसून समोर दोन गोधड्या टांगा. फ्रीज दूर, पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ आणि शक्यतो वेव्ह फाइलमध्ये ठेवा, कारण व्हिडिओचा आवाज साधारण ४८ वरच असतो आणि पुढे ९ व्या प्रश्नातली एक डोकेदुखी तिथेच टळते. सगळ्यात जोरात बोलाल तेव्हा मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे पोचावा, शून्याला कधीच टेकू नये. आणि बोलायच्या आधी तीस सेकंद गप्प बसून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा, ती ८ व्या आणि ११ व्या प्रश्नात कामाला येते.

३. शूटिंगच्या वेळी जे बोललो तेच परत बोलायचं का?

नाही, आणि इथेच बरेच जण अडकतात. कॅमेऱ्यासमोर बोलताना हात काम करत असतात, त्यामुळे बोलण्यात 'तर मग आता आपण काय करणारोत', 'हे बघा असं', 'थांबा हां जरा' असलं बरंच भरताड असतं. तेच वाचून दाखवलं तर वाचून दाखवल्यासारखंच लागतं.

जुनं रेकॉर्डिंग एकदा ऐका आणि त्यातली फक्त माहिती लिहून काढा: प्रमाण, क्रम, आच, किती वेळ, आणि कॅमेऱ्यात दिसत नाही अशी एखादी गोष्ट (कांदा का बारीक चिरायचा, पीठ सैल झालं तर काय). जे दिसतंच आहे ते बोलू नका. कोथिंबीर पडताना 'आता कोथिंबीर घालूया' यात काही नाही, 'कोथिंबीर देठासकट घ्या' यात काहीतरी आहे.

मग आवाज बंद करून व्हिडिओ बघा आणि एका कागदावर वेळा लिहा. सगळ्या नाहीत, फक्त ज्या क्षणी एखादा शब्द चुकवून चालणार नाही त्या. थालीपिठाच्या व्हिडिओत असे क्षण मोजकेच असतात: भाजणी परातीत पडते, पाणी घालतो, गोळा थापायला घेतो, भोकं पाडतो, तेल सोडतो, झाकण, उलटतो. मी यांना खिळे म्हणतो. खिळ्यावरचा शब्द जागेवर पडलाच पाहिजे, बाकीची वाक्यं मधे सैल लटकली तरी चालतात.

४. अमुक सेकंदात किती शब्द बसतात? माझं नेहमी उरतं.

शांतपणे समजावून सांगताना मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द धरा. तुमचा वेग वेगळा असू शकतो, म्हणून तुमचाच एखादा परिच्छेद मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोठ्याने वाचून शब्द भागिले सेकंद करून घ्या. मनात वाचून मोजू नका, मनात आपण खूपच भरभर वाचतो.

आता खरा तुकडा घेऊ. १:१२ ते १:१८ भोकं पाडतोय, १:१९ ला तेल पडायला लागतं आणि १:२६ पर्यंत चालतं, १:२८ ला हात झाकणाकडे जातो, १:३१ ला कट. पहिल्यांदा लिहिलेलं वाक्य असं होतं:

'आता आपण थालीपीठाला मधे एक आणि बाजूला चार अशी पाच भोकं पाडून घेणार आहोत, म्हणजे त्या भोकांमधून तेल खालपर्यंत जाईल आणि थालीपीठ सगळीकडून छान खरपूस भाजलं जाईल.'

हे २७ शब्द, म्हणजे साडेतेरा सेकंद. १:१२ ला सुरू केलं तर १:२५ च्या पुढे संपतं. 'भोकं' हा शब्द येईपर्यंत जवळजवळ सगळी भोकं पाडून झालेली असतात आणि 'तेल' ऐकू येतं तेव्हा तेल पडायला लागून दीडेक सेकंद झालेला असतो. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. आता तेच तोडून:

१:१२ 'मधे एक, कडेने चार भोकं पाडा.'
१:१९ 'भोकांतून तेल सोडा, म्हणजे खालची बाजू खरपूस होते.'
१:२८ 'झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं.'

सहा, आठ, सहा. एकूण वीस शब्द एकोणीस सेकंदांत, आणि त्यात झाकणाची जास्तीची माहितीही बसली. दुसरं वाक्य चारेक सेकंदांत १:२३ ला संपतं, तिथून १:२८ पर्यंत कुणीच बोलत नाही, नुसतं तेल चरचरतं. ही पाच सेकंदं भरायचा मोह होईल, भरू नका. तुमचं नेहमी उरत असेल तर कारण बहुतेक हेच आहे की तुम्ही प्रत्येक सेकंद भरायला बघताय. एकूण लांबीच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त बोलणं असेल तर करून दाखवायचा व्हिडिओ दमवतो, हे माझं मत आहे, नियम नाही.

आणि एक, वाक्यातला खिळ्याचा शब्द शक्य तितका पुढे आणा. मराठीत क्रियापद शेवटी जातं हे आपल्या सोयीचंच आहे, 'तेल' आधी येतं आणि 'सोडा' म्हणेपर्यंत पळी कलती झालेली असते.

५. व्हिडिओ बघत बघत बोलू की आधी बोलून नंतर बसवू?

दोन्हीच्या मधलं करा. पूर्ण चार मिनिटं एका दमात व्हिडिओ बघत बोलायला गेलात तर एका अडखळण्यावर सगळं परत, आणि डोळे स्क्रीनवर असले की आवाज धावतं समालोचन केल्यासारखा होतो. उलट व्हिडिओ न बघता सगळं वाचलंत तर वाक्यं सुंदर येतात पण लांबी कुठेच जुळत नाही.

म्हणून ओळ-ओळ करा. खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचा तुकडा एकदा बघा, त्याची लय डोक्यात घ्या, मग स्क्रीनवरून नजर काढून ती ओळ दोन-तीनदा बोला, प्रत्येक वेळी जरा वेगळ्या वेगाने. तीन टेकमधला एक हमखास बसतो. अडखळलात तर रेकॉर्डिंग थांबवू नका, एक टाळी वाजवा आणि ओळ पहिल्यापासून घ्या, नंतर वेव्हफॉर्मवर टाळीचा उंच खांब दिसतो आणि चुकलेले टेक पटकन सापडतात. ऑडॅसिटीत करत असाल तर पंच अँड रोल (शिफ्ट आणि डी) आहे, ते आधीचे काही सेकंद ऐकवून नेमक्या जागेपासून रेकॉर्ड सुरू करतं, सवय झाली की फार वेळ वाचतो.

बघताना आवाज ऐकायचा असेल तर इअरफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथवर आवाज साधारण ०.१ ते ०.३ सेकंद उशिरा पोचतो, तुम्ही त्या उशिरा आलेल्या आवाजावर बोलता, आणि मग सगळ्या ओळी सारख्याच मागे पडतात. असं झालेलं असेल तर परत बोलू नका, सगळ्या ओळी एकत्र निवडून तेवढ्याच आधी सरकवा.

६. थोडं मागेपुढे झालं तर किती चालतं? फ्रेम-फ्रेम जुळवत बसायचं का?

हात दिसतायत आणि बोलणारा दिसत नाहीये तिथे अजिबात नाही. खिळ्याचा शब्द कृतीच्या अर्धा सेकंद आधी आला तर उलट छान वाटतं, ऐकणारा तयार होतो आणि मग बघतो. उशीर मात्र लवकर कळतो. तेल पडून गेल्यावर 'तेल सोडा' म्हणणारा आवाज हा मागून आलेल्या पाहुण्यासारखा वाटतो. म्हणून शंका असेल तेव्हा ओळ जरा आधी आणा.

ओठ दिसत असतील तर हिशोब एकदम उलटा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ या शिफारशीत दिलंय की आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला कळायला लागतं, आणि उशिरा आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे पुढे जेमतेम एक फ्रेम आणि मागे तीनेक फ्रेमची सूट. उजेड आवाजाच्या आधी पोचतो याची आपल्याला जन्मापासून सवय आहे, म्हणून ही सूट एकीकडेच झुकलेली. तर नॅरेशन जरा आधी, ओठ दिसतात तिथलं बोलणं जरा उशिरा. ओठांचं पुढचं सगळं १० व्या प्रश्नात.

७. ओळ अर्धा सेकंद लांब होतेय, सॉफ्टवेअरने ताणून-आवळून बसवू का?

सगळ्यात शेवटी. आधी ओळीच्या आतले पॉझ बघा, दोन शब्दांमधे दम घेतलेला असतो, स्वल्पविरामाला आपण विनाकारण थांबलेलो असतो, तिथून थोडंथोडं कापलं तर बऱ्याचदा अर्धा सेकंद आरामात निघतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. कापताना श्वास अर्धवट ठेवू नका, पूर्ण ठेवा किंवा पूर्ण काढा, अर्धा श्वास उचकीसारखा ऐकू येतो. मग बघा एखादा शब्द गाळता येतो का, 'आता', 'मग', 'छान' हे तिघं नेहमीचे बळी.

तरीही उरलं तर टेम्पो बदला, पण पाच टक्क्यांच्या आसपासच. ७.४ सेकंदांची ओळ ७ मध्ये बसवणं म्हणजे पाच टक्क्यांच्या किंचित वर, तिथे थांबा. दहा टक्क्यांवर शब्दांच्या कडा खरखरीत व्हायला लागतात आणि शेजारच्या न आवळलेल्या ओळींपुढे तो वेग उठून दिसतो. ऑडॅसिटीत 'चेंज टेम्पो' वापरा, स्पीड बदलणारा इफेक्ट नको, त्याने पट्टीही बदलते आणि एकच ओळ कुणा दुसऱ्याने बोलल्यासारखी येते.

पिक्चरला हात लावायचा नाही असं आपण धरून चाललोय, पण अगदीच अडलं तर झाकण ठेवलेल्या तव्याचा शॉट अर्धा सेकंद जास्त धरला तर कोणाला काय कळणारे. हात हलत असलेला शॉट मात्र स्लो करू नका, तेलाची धार लगेच चुगली करते.

८. जुना आवाज पूर्ण बंद केला तर व्हिडिओ मेल्यासारखा वाटतो. तव्याचा चर्र आवाज तरी ठेवू का?

हो, मेल्यासारखा वाटतो हे खरंय. पण जुना ट्रॅक बारीक करून नुसता खाली सोडून देऊ नका. त्यात तुमचं जुनं बोलणं आहे, आणि नव्या ओळीखाली तेच शब्द अर्ध्या सेकंदाच्या फरकाने कुजबुजले की खोलीत दुसरं कुणीतरी आहे असं वाटतं.

जुना ट्रॅक पूर्ण ऐकून त्यातल्या बोलणं नसलेल्या जागा शोधा. आपल्या उदाहरणात १:२३ च्या पुढे तेल चरचरतंय आणि शूटिंगच्या वेळीही कुणी बोलत नव्हतं, तेवढा भाग ठेवा. दोन्ही टोकांना अर्ध्या-पाऊण सेकंदाचा फेड द्या, नाहीतर चर्रसोबत एक्झॉस्टची घरघर अचानक येते आणि अचानक जाते, आणि कानाला घरघरीपेक्षा तिचं येणं-जाणं जास्त त्रास देतं.

जिथे असा तुकडा मिळत नाही तिथे आवाज नव्याने करा. एक्झॉस्ट बंद, कुकर बंद, तवा तापवा, तेल टाका, फोन एक हात अंतरावर धरून मिनिटभर चरचर रेकॉर्ड करा (जवळ नको, शिंतोडे उडतात आणि फोन तुमचाच आहे). परातीत भाजणी पडल्याचा, थापल्याचा, झाकणाचा आवाज असे तीन-चार आवाज दहा मिनिटांत होतात. सिनेमात या कामाला फोली म्हणतात आणि त्यावर माणसं पोट भरतात. थापल्याचा आवाज मात्र हाताशी फ्रेमला जुळवावा लागतो, चर्र कुठेही ठेवा. मग २ ऱ्या प्रश्नातली खोलीची शांतता सगळ्याच्या खाली सलग पसरा, म्हणजे दोन ओळींच्या मधे आवाज एकदम खड्ड्यात पडत नाही. चर्रची पातळी नॅरेशनखाली पंधरा-वीस डेसिबल कमी, बोलणं थांबलं की जरा वर.

९. सुरुवातीला बरोबर जुळतं पण शेवटी शेवटी सरकत जातं. कुठे चुकतंय?

किती सरकतंय ते आधी मोजा, त्यावरून कारण कळतं.

शेवटी वीसेक सेकंदांचा फरक आणि आवाजही बारीक किंवा जाड झालेला असेल तर ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झचा घोळ आहे. ४४.१ वर केलेली फाइल कुणीतरी ४८ समजून वाजवली की २५० सेकंदांचं नॅरेशन २३० सेकंदांत संपतं आणि तुम्ही कार्टूनसारखे बोलता. एडिटर सहसा हे स्वतःच सांभाळतो, पण फाइल कुठूनतरी चुकीच्या शिक्क्यासह आली की होतं. फाइल नीट ४८ मध्ये रूपांतर करून परत आणा, ताणून जुळवू नका.

आवाज नेहमीसारखाच पण फरक पाव-अर्धा सेकंद, आणि तो वाढत जाणारा किंवा कधी कमी कधी जास्त, तर बहुतेक फोनचा फ्रेमरेट बदलता आहे. फोन अंधार झाला की किंवा गरम झाला की सेकंदाला ३० ऐवजी २८, २७ फ्रेम घेतो, आणि काही एडिटर सगळ्या फ्रेम सारख्या अंतराच्या समजून मांडतात. मीडियाइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ उघडा, `Frame rate mode` समोर `Variable` दिसलं की चोर सापडला. नॅरेशन बसवायच्या आधीच एफएफएमपेग या फुकट, कमांड टाइप करून चालणाऱ्या प्रोग्रॅमने व्हिडिओ एकसारख्या फ्रेमरेटचा करून घ्या:

```
ffmpeg -i thalipith.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy thalipith30.mp4
```

आणि मग सगळं काम `thalipith30.mp4` वरच करा. आधी बसवून झालेलं असेल तर ओळी परत सरकवाव्या लागतील, त्याला इलाज नाही, पण ५ व्या प्रश्नाप्रमाणे ओळ-ओळ केलं असेल तर पंधरा मिनिटांचं काम.

फक्त एडिटरच्या प्रीव्ह्यूत सरकतंय आणि एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये ठीक आहे? मग काहीच चुकत नाहीये, तुमचा कॉम्प्युटर दमतोय. प्रॉक्सी, म्हणजे एडिट करण्यापुरती हलकी कॉपी, बनवा किंवा प्रीव्ह्यूची क्वालिटी कमी करा.

१०. सुरुवातीला माझा चेहरा दिसतो, ओठ हलतात. तिथे काय करू?

पहिला सल्ला: टाळता येत असेल तर टाळा. चेहऱ्याचे पहिले दोन सेकंद ठेवा, मग साहित्याच्या वाट्यांचा शॉट वर टाका आणि आवाज चालू ठेवा. शेवटच्या 'नक्की करून बघा'ला तयार थालीपीठ आणि लोण्याचा गोळा दाखवा, तुमच्या चेहऱ्यापेक्षा लोक तेच बघतील, राग मानू नका.

टाळता येत नसेल तर ते नॅरेशन राहत नाही, डबिंग होतं, आणि तिथे ३ ऱ्या प्रश्नातला सल्ला रद्द, कारण आता जुन्या शब्दांना धरूनच चालायचंय. तीन-चार शब्दांचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा लूपवर लावा: ऐका, बोला, ऐका, बोला, पाच-सहा फेऱ्यांनी जीभ आपोआप त्या लयीत जाते.

जुळवताना सगळी अक्षरं बघू नका. बघणाऱ्याचा डोळा ओठ मिटतात तेवढंच पकडतो, आणि मराठीत ओठ पूर्ण मिटतात ते प, फ, ब, भ, म ला. (बरेच जण 'फ' खालचा ओठ दातांना टेकवून म्हणतात, तुम्ही कसं म्हणता ते व्हिडिओत दिसेलच.) 'थोडं मीठ, मग पाणी' या तुकड्यात ओठ तीनदा मिटतात: मीठ, मग, पाणी. त्या तीन फ्रेम शोधून मार्कर लावा आणि नव्या टेकमधले म, म, प तिथे आणा, मधलं आपोआप खपतं. क, ग, त, द, न, र हे तोंडाच्या आत होतात, ते दोन-तीन फ्रेम सरकले तरी कोणी विचारत नाही. 'ओ' आणि 'ऊ'ला ओठ गोल होतात, लांब स्वर असेल तर तेवढा बघा.

यातून एक चोरवाट निघते. शूटिंगमध्ये 'मीठ' म्हणालात आणि म्हणायचं होतं 'पीठ', तर बिनधास्त 'पीठ' बोला, ओठ दोन्हीला सारखेच दिसतात. 'एक वाटी'चं 'दोन वाटी' सुद्धा चालतं, दोन्हीत 'वा'च्या आधी ओठ मिटत नाहीत, फक्त 'दोन'ला जरा गोल होतात. 'अर्धा कप'चं 'पाव कप' मात्र पकडलं जाईल.

आणि चेहऱ्याच्या शॉटला माईक वीतभर अंतरावर नको. चित्रात तुम्ही दोन मीटरवर उभे आणि आवाज कानाशी, हे ओठ जुळूनही खोटं वाटतं. फोन हातभर लांब ठेवून बोला. इथे खोलीची थोडी गुंज आलेली चालते.

११. दोन ओळी राहिल्या म्हणून दुसऱ्या दिवशी बोलले, त्या वेगळ्याच वाटतात.

सकाळचा आवाज जड असतो, दिवसभर बोलून झाल्यावरचा वेगळा, त्यामुळे शक्यतो त्याच वेळेला बोला. तीच जागा, तेच अंतर, तीच गोधडी. सगळ्यात उपयोगाचं म्हणजे आदल्या दिवशीच्या आधीच्या दोन ओळी कानात ऐकायच्या, त्या स्वतः परत बोलायच्या आणि त्याच दमात नवी ओळ बोलायची. पहिल्या दोन फेकून द्यायच्या. नुसती एकटी ओळ बोललात तर तिची सुरुवात नेहमी वरच्या पट्टीत लागते, जसं काही नवीन व्हिडिओ सुरू झाला.

तरी मागची शांतता वेगळी वाटली तर नव्या ओळीखाली जुन्या दिवसाची खोलीची शांतता टाका (२ रा प्रश्न).

१२. व्हिडिओत आई थालीपीठ करतेय, बोलणारी मी. कसं बोलू?

'मी आता तेल सोडते' असं बोलू नका, हात तुमचे नाहीत आणि ते दिसतं. एकतर 'आई कडेने तेल सोडते' असं सांगा किंवा सरळ बघणाऱ्याशी बोला, 'तेल सोडा'. एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. आईच्याच आवाजात हवं असेल आणि तिला वाचून बोलणं अवघड जात असेल तर कागद देऊच नका. व्हिडिओ दाखवा, खिळ्याच्या जागी थांबवा, 'इथे काय केलंस गं?' विचारा आणि उत्तर रेकॉर्ड करा. तुमचा प्रश्न कापून टाका. ती जे बोलेल ते लांबीला जास्त असेल, पण ७ व्या प्रश्नाप्रमाणे पॉझ कापून बहुतेक बसतं, आणि तिचं 'अगं थोडं जास्त सोड तेल' हे कुठल्याही स्क्रिप्टपेक्षा चांगलं.

१३. माझ्याकडे फक्त तयार व्हिडिओ आहे, त्यात बोलणं आणि गाणं एकत्र झालंय. बोलणं बदलता येईल का?

तयार फाइलमध्ये दोन्ही एकाच ट्रॅकवर मिसळलेले असतात, नुसतं बोलणं पूर्ण स्वच्छ वेगळं निघेलच याची खात्री नसते. पूर्ण ट्रॅक काढा, नॅरेशन नवं, संगीत गाण्याच्या मूळ फाइलवरून किंवा नवं (हक्काचं) खाली टाका. यूट्यूबवर आधीच चढवलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, नवीन म्हणून परत चढवावा लागतो, लिंक आणि व्ह्यूज नव्याने सुरू.

१४. सगळं जुळलं. शेवटी आवाज व्हिडिओत कसा टाकू, आणि केवढा मोठा ठेवू?

एडिटरमध्येच केलं असेल तर नेहमीसारखं एक्सपोर्ट करा. ऑडिओ वेगळा तयार केला असेल (पूर्ण व्हिडिओच्या लांबीचा एकच ट्रॅक, शून्यापासून सुरू होणारा) तर पिक्चरला परत कॉम्प्रेस न करता असं जोडता येतं:

```
ffmpeg -i thalipith30.mp4 -i nava.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac -b:a 192k final.mp4
```

बरेच जण याच्या शेवटी `-shortest` लावतात. ऑडिओ व्हिडिओपेक्षा दोन सेकंद छोटा असेल तर पिक्चरचे शेवटचे दोन सेकंदही कापले जातात, म्हणून ते नको, त्यापेक्षा ऑडिओच्या शेवटी शांतता जोडून लांबी पुरी करा.

मोठेपणा लफ्स या मापात मोजतात, तो साधारण उणे १४ लफ्सच्या आसपास ठेवा. यूट्यूब त्यापेक्षा मोठा आवाज स्वतः खाली आणतं, पण बारीक असेल तर वर नेत नाही. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये आधीच उणे २३ भरलेलं असतं, ते तसंच ठेवून एक्सपोर्ट केलं की 'आवाज फार बारीक येतो'च्या कमेंट येतात, आकडा बदला. मग फाइल हेडफोनवर नाही, फोनच्या स्पीकरवर, गॅस चालू असलेल्या स्वयंपाकघरात ऐका, कारण बघणारे तिथेच उभे असतात. तिथे प्रमाण ऐकू येत नसेल तर बहुतेक वेळा नॅरेशन वाढवायची गरज नसते, खालची चरचर चार-पाच डेसिबलने कमी करा.